बंड्या आणि पस्तीस पावलं

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी हे दृश्य कधी ना कधी पाहिलेलं असतं. घरात गरीब गाय असलेला आपला कुत्रा रस्त्यावर समोरून दुसरा कुत्रा आला की एकदम बदलतो. मागच्या दोन पायांवर उभा राहतो, लीश ताणून भुंकतो, गुरगुरतो. आजूबाजूचे लोक आपल्याकडे असं बघतात, की जणू आपणच त्याला भुंकायला शिकवलंय. कोंडापूरमध्ये राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या ग्रुपवर या विषयाची चर्चा निघाली, की दोन सल्ले हमखास येतात. पहिला, ‘जोरात ओढून ओरडा’. दुसरा, ‘दुसऱ्या कुत्र्यांमध्ये सोडून द्या, आपोआप सवय होईल’. आम्ही या दोन्हींपेक्षा वेगळ्या वाटेने गेलो. त्या वाटेवर काय करतात, ते का चालतं आणि कुठे थांबतं, हे आज लिहिते आहे.

आमचा बंड्या देशी आहे, वजन अठरा किलो. आमच्याकडे आला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. एक मैत्रीण कॅनडाला निघाली, त्याला नेणं तिला जमेना, म्हणून तो मे महिन्यात आमच्याकडे आला. तिने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, “माणसांशी सोन्यासारखा आहे, पण रस्त्यावर कुत्रा दिसला की आवरत नाही.” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला तूपभात दिला आणि निकाल सुनावला, “स्वभाव चांगला आहे पोराचा. घाबरतो एवढंच.” त्यांचं निदान बरोबर निघालं.

असं भुंकणं बघणाऱ्याला भांडखोरपणाचं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्यामागे भीती असते. कधी उलटही असतं, म्हणजे दुसऱ्या कुत्र्याकडे जायचंय आणि लीश जाऊ देत नाही, याची चिडचिड. दोन मोकळे कुत्रे भेटतात तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर सरळ चालून जात नाहीत. अर्धगोल वळसा घेतात, नजर चुकवतात, जमीन हुंगतात, नको असेल तर निघून जातात. लीशला बांधलेल्या कुत्र्याला अरुंद फुटपाथवर यातलं काहीच करता येत नाही. समोरचा नाकासमोर येतो आणि पळून जायची वाट बंद असते. मग उरतं ते भुंकणं. गंमत म्हणजे भुंकण्याचा उपयोगही होतो. समोरचा माणूस आपला कुत्रा घेऊन पुढे निघून जातो. तो तसाही जाणारच होता, पण बंड्याच्या हिशेबात त्यालाच भुंकून घालवलेलं असतं. रोज दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत तीन-चार कुत्रे धरले, तर हा धडा आठवड्यात चाळीस-पन्नास वेळा पक्का होतो.

एका ट्रेनरने आम्हाला गळा आवळणारी साखळी सुचवली. आम्ही ती घेतली नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. कुत्रा दिसला की मान दुखते, एवढंच बंड्या त्यातून शिकला असता. ज्याची आधीच भीती वाटते त्याच्याशी वेदनाही जोडली गेली असती. कदाचित भुंकणं दबलं असतं, भीती मात्र तशीच राहिली असती. गुरगुरण्याची पूर्वसूचना न देता थेट चावणारे कुत्रे अशा दाबण्यातूनही तयार होऊ शकतात. अमेरिकेतल्या पशुवर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली काढलेल्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी, वर्तनाच्या समस्या असलेल्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापरा असं म्हटलं आहे.

आम्ही वापरलेल्या पद्धतीचं मूळ कुत्र्यात नाही, एका लहान मुलात आहे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. पीटर जेमतेम तीन वर्षांचा होता आणि सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा दूरवर ठेवला, पीटरचं खाणं थांबणार नाही इतका दूर. मग दिवसामागून दिवस ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. बाईंनी एक इशाराही देऊन ठेवला. ससा घाईने जवळ आणला तर उलटं होऊ शकतं, खाऊमुळे सशाची भीती जाण्याऐवजी सशामुळे खाऊचीच भीती बसू शकते. शंभर वर्षांनंतरही सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे. अंतर, आणि त्या अंतरावर मिळणारा खाऊ.

म्हणून आमचं पहिलं काम होतं बंड्याचं अंतर शोधणं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अंकलकडे एक म्हातारा लॅब्राडोर आहे. कुठेही बसवला की दगडासारखा बसतो. जूनमधल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता अंकल त्याला घेऊन मागच्या रुंद रस्त्याच्या टोकाशी उभे राहिले आणि आम्ही दुसऱ्या टोकाकडून हळूहळू जवळ गेलो. नजर लॅब्राडोरवर नाही, बंड्यावर ठेवायची होती. ऐंशी पावलांवर त्याने कुत्रा पाहिला आणि परत जमीन हुंगू लागला. पन्नास पावलांवर थोडा वेळ पाहत राहिला, पण हातातलं चिकन मऊपणे घेतलं. पस्तीस पावलांवर तोंड बंद झालं, कान पुढे आले, अंगाचं वजन पुढच्या पायांवर गेलं, शेपूट ताठ झाली. चिकन घेतलं, पण बोटांना दात लागले. आम्ही तिथूनच वळलो. भुंकण्याची वाट पाहायची नसते. पस्तीस पावलं म्हणजे साधारण बावीस मीटर, ही बंड्याची सीमारेषा ठरली. काम तिच्या बाहेर, चाळीस-पंचेचाळीस पावलांवरून सुरू करायचं होतं.

सीमारेषेच्या आत गेलेला कुत्रा काही शिकत नाही. तिथे त्याला नाव ऐकू येत नाही आणि खाऊचा वासही येत नाही. ‘आमचा कुत्रा बाहेर खाऊ घेतच नाही’ असं कोणी म्हणालं, तर बहुतेक वेळा आवड बदलायची गरज नसते, अंतर वाढवायची गरज असते. खाऊ घेणं बंद होणं किंवा हिसकावून घेणं, हा आमचा सगळ्यात भरवशाचा मापक होता.

सामान फार लागलं नाही. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा हार्नेस, म्हणजे ओढ लागली तरी गळ्यावर दाब येत नाही. दोन मीटरची साधी लीश. बटण दाबून लांब होणारी लीश नको, तिच्यावर सतत ताण राहतो आणि ऐन वेळी आवरता येत नाही. कमरेला खाऊची पिशवी. खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. चिकन उकडताना मीठ, कांदा, लसूण काहीच घालायचं नाही, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. एका फेरीत पन्नास-साठ तुकडे सहज संपायचे, म्हणून तेवढं जेवण कमी करायचो. हा खाऊ घरात कधीच द्यायचा नाही हा नियम होता. सासूबाईंना तो पाळणं जड गेलं, पण त्यांनी पाळला.

आता मुख्य कृती. अंकल लॅब्राडोरला घेऊन पंचेचाळीस पावलांवर उभे. बंड्या त्याच्याकडे पाहतो. पाहिल्या क्षणी मी हलकेच “वा!” म्हणते आणि लगेच एक तुकडा देते. तो परत पाहतो, परत “वा!”, परत तुकडा. लॅब्राडोर गाडीमागे गेला की खाऊ बंद. पुन्हा दिसला की सुरू. इथे क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे. आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. आधी पिशवीत हात गेला आणि मग कुत्रा आला, तर पिशवीची खुसखुस हीच ‘सावध हो, कुत्रा येतोय’ अशी सूचना ठरते. म्हणून कुत्रा दिसेपर्यंत माझे हात मोकळे आणि लीश सैल. आपण लीश आवळली की ती बातमीही कुत्र्यापर्यंत पोचते.

बऱ्याच जणांना इथे एक शंका येते. कुत्र्याकडे बघितल्याबद्दल खाऊ दिला, तर भुंकण्याला बक्षीस दिल्यासारखं नाही का होणार? या अंतरावर तो भुंकतच नाही. आपण त्याला वागणूक विकत नाही आहोत. ‘कुत्रा दिसणं’ या घटनेचा अर्थ बदलतो आहोत. आपल्याकडे गुरुवारी आरतीची घंटा वाजली की मुलं धावतात, कारण मागे पेढा असतो, तसंच काहीसं.

बाराव्या-तेराव्या दिवशी ज्याची वाट पाहत होतो ते घडलं. बंड्याने लॅब्राडोरकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आधीच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘दिसला बरं का, दे आता’ असा भाव. इथून दुसरा टप्पा सुरू होतो. आता “वा!” नुसतं पाहिल्याबद्दल नाही, स्वतःहून नजर सोडवून शांत राहिल्याबद्दल. भीतीच्या जागी अपेक्षा आली होती, आणि आता त्या अपेक्षेतून येणाऱ्या शांतपणाला मोल मिळू लागलं. पाच सेकंदांत त्याने स्वतः मान वळवली नाही, तर आपण फार जवळ आलोय असं समजायचं आणि दहा पावलं मागे जायचं.

अंतर कमी करायचा नियम आम्ही वहीत लिहून ठेवला होता. दहांपैकी आठ वेळा त्याने सहज मान वळवली तरच पुढच्या वेळी तीन पावलं जवळ. चुकूनही दहा पावलं नाही. शिवाय एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. बसलेला कुत्रा सोपा, चालणारा अवघड, आपल्याच दिशेने चालत येणारा सगळ्यात अवघड. म्हणून लॅब्राडोर चालू लागला त्या दिवशी आम्ही परत चाळीस पावलांवर गेलो. एक सराव दहा मिनिटांचा, त्यात पाच-सहा वेळा कुत्रा दिसला की पुरे. वहीत चारच रकाने होते. तारीख, किती पावलं, कुत्रा उभा की चालता, बंड्याने काय केलं. माझी मुलगी रोज आलेख काढायची. जुलैच्या अखेरीस आम्ही पंचवीस पावलांवर होतो.

अंकलचा लॅब्राडोर मदतनीस होता. हैदराबादचा रस्ता मात्र मदतनीस नाही. इथे प्रत्येक वळणावर त्या वळणाचे मालक असतात. भारताच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, म्हणजे आता २०२३ च्या नियमांनुसार, नसबंदी आणि रेबीजची लस झालेला रस्त्यावरचा कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडला जातो. कानाला खाच असलेले कुत्रे तुम्ही पाहिले असतील, ती त्याची खूण. याचा आम्हाला एक फायदा झाला. त्याच जागी तेच कुत्रे राहतात, म्हणून त्यांचा नकाशा काढता येतो. चहाच्या टपरीखाली तांबडा, दवाखान्याच्या पायरीवर दोघे पांढरे, कोपऱ्यावरच्या बांधकामात पिल्लांची आई. तांबडा दुपारभर झोपलेला असतो, म्हणून सकाळी साडेदहाला तो आमचा उत्तम ‘बसलेला कुत्रा’ होता. पिल्लांच्या आईची गल्ली आम्ही तीन महिने वगळलीच.

रस्त्यावरचे कुत्रे अंगावर चालून आले तर धडा शिकवायची ती वेळ नसते, निसटायची असते. पळायचं नाही. बंड्याला आपल्या मागे घ्यायचं, मूठभर बिस्किटांचे तुकडे त्या कुत्र्यांच्या दिशेने जमिनीवर उधळायचे आणि ते हुंगायला लागले की तिरकं चालत निघायचं. यासाठी दुसऱ्या खिशात साधी बिस्किटं कायम असायची. एवढं करूनही कोणाला दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जायचं.

सोसायटीतली सगळ्यात वाईट जागा रस्ता नव्हती, लिफ्ट होती. दार उघडतं आणि दोन फुटांवर दुसरा कुत्रा उभा. तिथे अंतर नावाची वस्तूच नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, जिने उतरू लागलो. प्रत्येक वळणावर मी आधी डोकावायचे, मग बंड्या. वॉचमन भाई आम्हाला पाहून म्हणायचे, “क्या मॅडम, लिफ्ट खराब है क्या?” कारण कळल्यावर गेटजवळ दुसरा कुत्रा आला की ते स्वतःच हात दाखवून थांबवू लागले. कोंडापूरला जीएचएमसीने २०१८ साली सुरू केलेलं कुत्र्यांसाठीचं पार्क आहे आणि अनेकांनी आम्हाला तिकडे जायला सांगितलं. खेळकर कुत्र्यांसाठी ते छान आहे. बंड्यासारख्यासाठी कुंपणाच्या आत मोकळे कुत्रे म्हणजे वाट नसलेली लिफ्टच, फक्त मोठी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका बंगल्याचं फाटक उघडं राहिलं आणि आतला जर्मन शेफर्ड धावत बंड्यावर आला. चावला नाही, पण खाली पाडलं. दुसऱ्या दिवशी बंड्या पंचवीस पावलांवरच्या लॅब्राडोरलाही भुंकला, ज्याला तो ओळखत होता. तेव्हा मला पीटरची उरलेली गोष्ट आठवली. उपचार सुरू असताना पीटरला स्कार्लेट फीवर झाला आणि तो दोन महिने दवाखान्यात होता. घरी परतताना टॅक्सीत चढत असताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला, आणि सशाची भीती पहिल्यासारखी झाली. खाऊ आणि अंतराचा उपाय खरं तर त्यानंतर सुरू झाला. जोन्सबाईंनी मागे जाऊन नव्याने सुरुवात केली. आम्हीही तेच केलं. तीन दिवस बंड्याला रस्त्यावर नेलंच नाही. गच्चीवर खाऊ शोधायचे खेळ, चघळायला हाड, झोप. असा धक्का बसला की अंगातला ताण उतरायला वेळ लागतो, आणि ताण एकावर एक साठतात. सकाळी फटाका, दुपारी पाहुणे आणि संध्याकाळी कुत्रा, तर तिसऱ्याचा स्फोट होतो आणि दोष तिसऱ्याला जातो. बोनालूच्या ढोलांच्या आणि गणपती विसर्जनाच्या दिवशीही आम्ही याच कारणाने सराव ठेवला नाही. चौथ्या दिवशी चाळीस पावलांपासून परत सुरुवात केली. पहिल्या वेळी जे अंतर कापायला सात आठवडे लागले होते, ते या वेळी दोन आठवड्यांत कापलं.

ऑक्टोबरमध्ये आम्ही एका मंगळवारी पहाटे नेकलेस रोडवर गेलो. नाव बदलून तो आता पीव्ही नरसिंह राव मार्ग झालाय, पण आमच्या तोंडी जुनंच आहे. रुंद फुटपाथ, समोरून लीशवर एक बीगल. मी अर्धगोल वळसा घेतला, बंड्याने दहा पावलांवरून बीगलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तुकडा खाल्ला आणि झाडाखालचा वास घेऊ लागला. सासूबाई सोबत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

दहा पावलांच्या आत अजूनही त्याला अवघड जातं. दोन-तीन पावलांवरून कुत्रा गेला तर तो ताठ होतो, आणि आम्ही ते त्याचं अंतर म्हणून मान्य केलंय. या पद्धतीने बंड्या सगळ्या कुत्र्यांचा मित्र झालेला नाही, होणारही नाही. त्याला रस्ता सहन होतो आणि आम्हाला फेरी सहन होते, हेच उद्दिष्ट होतं. काही बाबतींत मात्र एवढ्यावर थांबू नये. शांत असलेला कुत्रा अचानक भुंकायला लागला, तर आधी पशुवैद्याकडून कान, दात, सांधे तपासून घ्यावेत, कारण दुखणारं अंगही असंच बोलतं. ज्याने आधी चावा घेतलाय त्याचं काम वर्तनाचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावं, आणि जाळीची, तोंड उघडता येईल अशी मुसकी घालायची त्याला घरीच हळूहळू सवय लावावी.

शेवटी एक विनंती, ज्यांचे कुत्रे अगदी मनमिळाऊ आहेत त्यांना. समोरचा माणूस आपला कुत्रा घेऊन रस्ता ओलांडू लागला, गाडीमागे गेला किंवा वळून मागे फिरला, तर त्याला तुसडा समजू नका. “आमचा फ्रेंडली आहे हो!” असं म्हणत जवळही येऊ नका. तो तिथे उभा राहून पावलं मोजत असतो. तुम्ही तिथेच अर्धा मिनिट थांबलात, तर त्याच्या वहीत आणखी एक चांगली नोंद होते.